मूठ सैल सोडा

पहाटे तीन-सव्वातीनची वेळ नाइट ड्यूटीत सगळ्यात जड जाते. सर्जिकल वॉर्डातल्या चौदा नंबरच्या बेडचं सलाइन संपत आलं होतं. सिस्टर नवी बाटली घेऊन उठल्या, दोन पावलं चालल्या आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की बेडचा कठडा धरून त्यांना तिथंच थांबावं लागलं. पोटरी दगडासारखी कडक झाली होती. वॉर्डातल्या मावशींनी खाली बसून पायाचा चवडा वर दाबून धरला, तेव्हा कुठं मिनिटाभरानं गोळा सुटला. "रोज एक केळं खात जा हो सिस्टर," मावशी म्हणाल्या. सिस्टर हसल्या, सलाइन लावलं आणि टेबलाशी आल्यावर सहज स्वतःच्याच दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजलं. १६८/१०४. बीपीच्या दोन गोळ्या चालू असताना!

या गोष्टीतल्या सिस्टर रचलेल्या आहेत, त्यांचा आजार मात्र खरा आहे आणि वाटतो तितका दुर्मीळही नाही. त्यांचं वय अडतीस. वॉर्डातल्या कामाला चौदा वर्षं झालेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री जागून काढलेल्या. रक्तदाब पहिल्यांदा वाढलेला दिसला तो छत्तिसाव्या वर्षी, वार्षिक तपासणीत. तेव्हा तो १५०/९६ होता. वडिलांना बीपी, झोप अपुरी, जेवणाच्या वेळा नाहीत, म्हणून कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. ॲम्लोडिपिन सुरू झालं. वर्षभरानं टेल्मिसार्टन जोडलं गेलं. आकडा थोडा उतरायचा आणि पुन्हा वर यायचा.

त्यांच्या प्रत्येक तक्रारीला एक तयार उत्तर होतं, आणि हीच त्यांची खरी अडचण झाली. पायात गोळे येतात? दिवसरात्र उभं राहून. थकवा? नाइट ड्यूटी. रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला जावं लागतं? जागं राहिलं की पाणी जास्त प्यायलं जातं. बीपी उतरत नाही? टेन्शन. उत्तरं सगळी पटण्यासारखी होती, आणि प्रत्येकात थोडं तथ्यही होतं. पण ती चारही लक्षणं एकाच ठिकाणाहून निघाली असतील का, हे विचारायचं राहून गेलं.

तिसरी गोळी आणि कोसळलेलं पोटॅशियम

रक्तदाब दोन गोळ्यांना दाद देईना तेव्हा फिजिशियननी तिसरी गोळी दिली, क्लोरथॅलिडोन. हे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. अशा औषधासह तीन वेगवेगळ्या जातींच्या गोळ्या पुरेशा मात्रेत घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर त्याला 'प्रतिरोधक' म्हणजे औषधांना न जुमानणारा रक्तदाब म्हणतात. सिस्टर त्या उंबरठ्यावर येऊन पोचल्या होत्या.

तीन आठवड्यांत गोळे रोज येऊ लागले. एकदा वॉर्डाकडे जाणारा जिना चढताना मांड्यांतलं बळच गेलं आणि त्या मधल्या पायरीवर बसून राहिल्या. रक्त तपासलं. पोटॅशियम २.७ निघालं. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असतं. ईसीजीतही त्याच्या खुणा उमटल्या होत्या.

इथंही उत्तर तयार होतं. क्लोरथॅलिडोननं पोटॅशियम उतरतं, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. गोळी बंद झाली, पोटॅशियमचं औषध सुरू झालं. आकडा ३.६ वर आला आणि औषध थांबवलं. चार आठवड्यांनी फिजिशियन मॅडमनी खात्री म्हणून पुन्हा तपासायला सांगितलं. ते ३.० निघालं.

या रिपोर्टाशी मॅडम अडल्या. पोटॅशियम खाली ओढणारी गोळी महिनाभरापूर्वीच बंद झालेली. उलटी नाही, जुलाब नाहीत, जेवण व्यवस्थित. शिवाय चालू असलेलं टेल्मिसार्टन पोटॅशियम थोडं वरच ठेवणारं औषध. तरी ते खाली येत असेल, तर ते कुणीतरी बाहेर ढकलतंय. गोळीनं फक्त आधीपासून चालू असलेली गळती मोठी केली होती.

मॅडमनी जुने कागद मागवले. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत पोटॅशियम ३.७ लिहिलेलं होतं, म्हणजे ठीक. सिस्टरना तो दिवस आठवत होता. ड्यूटी संपवून त्या घाईत रक्त द्यायला गेल्या होत्या. शीर सापडेना म्हणून दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला होता आणि नवखा तंत्रज्ञ सारखा म्हणत होता, "मूठ उघडझाप करा, जोरात." मूठ अशी जोरात उघडझाप केली की हाताच्या स्नायूंतलं पोटॅशियम त्या जागच्या रक्तात उतरतं आणि नळीत आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. रक्तपेशी फुटल्या तरी तेच होतं. तो ३.७ कदाचित ३.२ही असेल. चौदा वर्षांत सिस्टरनी स्वतः शेकडो रुग्णांना मूठ उघडझाप करायला लावली होती.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. कंबरदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज घेता का? त्या गोळ्यांनीही बीपी वाढतं. आणि घसा बसतो म्हणून ज्येष्ठमध चघळता का? सिस्टरना दुसऱ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. पण ज्येष्ठमध दीर्घकाळ, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हुबेहूब असंच चित्र तयार होतं: चढलेलं बीपी, उतरलेलं पोटॅशियम. सिस्टर दोन्ही घेत नव्हत्या. गोळ्या चुकवतही नव्हत्या. ड्यूटीच्या डब्यातच त्यांची पट्टी असायची.

मग मॅडमनी चिठ्ठीवर दोन नावं लिहिली, अल्डोस्टेरॉन आणि रेनिन.

टाकी भरली, पंप सुरूच

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. त्याचं काम मूत्रपिंडाच्या शेवटच्या टप्प्यातल्या नलिकांत चालतं. लघवीवाटे निघालेलं सोडियम, म्हणजे मीठ, तिथून परत रक्तात ओढायचं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर सोडायचं. मिठाच्या मागोमाग पाणी येतं आणि रक्ताचं आकारमान वाढतं.

हे संप्रेरक वाईट नाही. घाम, जुलाब, रक्तस्राव अशा वेळी तेच जीव वाचवतं. त्याला हुकूम मुख्यतः मूत्रपिंडाकडून मिळतो. रक्तदाब पडतोय असं जाणवलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. रेनिनमुळे सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटी ॲड्रिनलला निरोप पोचतो आणि अल्डोस्टेरॉन वाढतं. रक्तदाब सावरला की रेनिन कमी होतं, त्यामागून अल्डोस्टेरॉनही. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो ना, पाणी वर आलं की पंप बंद करणारा, तशीच ही सोय.

आता ॲड्रिनलमध्ये अशी एक गाठ वाढली की जी कुणाचा हुकूम न घेता अल्डोस्टेरॉन बनवत राहते, तर काय होईल? मीठ साठत जातं, बीपी चढतं. मूत्रपिंड रेनिन जवळजवळ बंद करून टाकतं, पण गाठीला त्याचं सोयरसुतक नसतं. टाकी ओसंडली तरी पंप सुरूच. म्हणून नुसतं अल्डोस्टेरॉन मोजून भागत नाही. रेनिन दबलेलं असताना अल्डोस्टेरॉन वाढलेलं आहे का, म्हणजे मागणी बंद असताना पुरवठा चालू आहे का, हे पाहावं लागतं. त्यासाठी दोघांचं गुणोत्तर काढतात. ज्येष्ठमधाचा प्रकारही इथंच वेगळा पडतो, कारण त्यात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेली असतात.

सिस्टरच्या बाकीच्या तक्रारींचा उगमही याच नलिकांत होता. स्नायूच्या पेशीच्या आत आणि बाहेर पोटॅशियमचं ठरलेलं प्रमाण असतं, आणि त्यावरच तिची आकुंचन पावण्याची आणि सैल पडण्याची तयारी अवलंबून असते. ते बिघडलं की कधी गोळा येतो, कधी बळ जातं. पोटॅशियम फार दिवस कमी राहिलं तर मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. ती पातळ आणि भरपूर होते, म्हणून रात्रभर लघवीच्या फेऱ्या. क्लोरथॅलिडोन त्या शेवटच्या टप्प्याकडे जास्त मीठ पाठवतं. तिथं बसलेल्या अल्डोस्टेरॉनला आयतंच जास्त मीठ मिळतं आणि बदल्यात तितकं जास्त पोटॅशियम बाहेर जातं.

सिस्टरनी एक शंका काढलीच. "मॅडम, इतकं मीठ-पाणी साठतंय तर माझे पाय का सुजत नाहीत?" प्रश्न अगदी मर्माचा होता. शरीर काही दिवसांनी दुसऱ्या वाटेनं जादा मीठ बाहेर टाकायला शिकतं. त्यामुळे सूज येत नाही, वजन फार वाढत नाही. आजार बाहेरून दिसत नाही तो त्यामुळेच. रक्तदाब मात्र वरच राहतो.

ॲन आर्बरची बाई

अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं १९५३ साली. लंडनमधल्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर इथल्या रुग्णालयात चौतीस वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षं तिला स्नायूंचा अशक्तपणा होता, गोळे येत होते, कधी कधी पायांतली शक्तीच जात होती. रक्तदाब १७६/१०४ आणि पोटॅशियम फार खाली.

तिथं जेरोम कॉन नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एका वेगळ्याच प्रश्नावर काम केलं होतं. पॅसिफिकच्या दमट उष्म्यात लढणाऱ्या सैनिकांचं शरीर उन्हाला कसं सरावतं? त्यांना दिसलं होतं की सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी होत जातं. शरीर ते राखून ठेवतं आणि हे ॲड्रिनलच्या एखाद्या संप्रेरकामुळे होतं. या बाईच्या घामातही मीठ फार कमी होतं. उन्हात राबलेली नसताना तिचं शरीर मीठ असं का राखतंय, या प्रश्नावरून कॉन थेट ॲड्रिनलपाशी पोचले. आधी दोन्ही ग्रंथी काढायचं ठरलं होतं. डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा उजव्या ॲड्रिनलमध्ये चार सेंटिमीटरची गाठ सापडली. तेवढीच बाजू काढली आणि बाई बरी झाली. या आजाराला 'प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम' म्हणतात. गाठीमुळे झालेल्या प्रकाराला आजही 'कॉन सिंड्रोम' हे नाव आहे.

त्या पहिल्या ठळक रुग्णामुळे एक गैरसमजही रुजला. पोटॅशियम कमी असेल तरच हा आजार, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. आता कळतं की बहुतेक रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मल असतं, आणि त्यांना ना गोळे येतात ना थकवा. बीपीच्या साध्या रुग्णांत साधारण पाच ते दहा टक्के, आणि औषधांना न जुमानणाऱ्या बीपीत पाचांतल्या एकाला हा आजार सापडतो. म्हणूनच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२५ च्या मार्गदर्शिकेत उच्च रक्तदाबाच्या सगळ्याच रुग्णांची ही तपासणी करावी, असं सुचवलं.

सकाळचं रक्त, रात्रीची माणसं

तपासणीची चिठ्ठी हातात आली तरी सिस्टरचं रक्त लगेच घेतलं नाही. पोटॅशियम कमी असेल तर गाठसुद्धा अल्डोस्टेरॉन कमी बनवते आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. म्हणून आधी औषध देऊन ते ४ पर्यंत आणलं. जेवणातलं मीठही मुद्दाम तोडू नका असं सांगितलं, कारण मीठ तोडलं की रेनिन वर येतं आणि गुणोत्तर खाली.

दुसरा पेच ड्यूटीचा होता. अल्डोस्टेरॉन दिवसाच्या तालावर वरखाली होतं. नेहमीची रीत अशी की सकाळी उठून दोनेक तास हिंडाफिरायचं, मग पाच-दहा मिनिटं बसायचं आणि रक्त द्यायचं. रात्रभर जागलेल्या माणसाची 'सकाळ' कोणती? मॅडमनी इन्चार्ज सिस्टरशी बोलून आठवडाभर नाइट काढून टाकायला लावली. चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावर मग रक्त घेतलं, मूठ सैल ठेवून.

तिसरा प्रश्न औषधांचा. बीपीची बरीच औषधं या रिपोर्टात ढवळाढवळ करतात. बीटा ब्लॉकर रेनिन खाली आणतात, त्यामुळे आजार नसताना आहे असं वाटू शकतं. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या रेनिन वर नेतात, त्यामुळे असलेला आजार झाकला जाऊ शकतो. स्पायरोनोलॅक्टोन तर सहसा चार आठवडे आधी बंद करतात. मग टेल्मिसार्टन थांबवायचं? मॅडमनी थांबवलं नाही. त्यांचा हिशेब साधा होता. हे औषध रेनिन वर ढकलतं. ते चालू असतानाही रेनिन तळाशीच सापडलं, तर तो पुरावा उलट जास्त भक्कम.

रिपोर्ट आला. अल्डोस्टेरॉन ३१, रेनिनची क्रियाशीलता ०.३. भागाकार केला तर शंभराच्या वर. या एककांत वीस-तीसच्या पुढचा आकडा संशय घेण्याजोगा मानतात.

संशय पक्का करायला दुसरी परीक्षा झाली, तीही सिस्टरच्या रोजच्या ओळखीच्या वस्तूची. खुर्चीत बसवून चार तासांत दोन लिटर नॉर्मल सलाइन दिलं. एवढं मीठ-पाणी शिरात गेल्यावर निरोगी ॲड्रिनल अल्डोस्टेरॉन जवळजवळ बंद करतं. ते पाचच्या खाली येतं. दहाच्या वर राहिलं तर ग्रंथी स्वतःच्या मर्जीनं चालते आहे हे उघड होतं. सिस्टरचं १९ राहिलं. ही परीक्षा बीपी फार चढलेलं असताना किंवा हृदय कमजोर असताना करत नाहीत, आणि त्या चार तासांत दर थोड्या वेळानं बीपी पाहत राहावं लागतं. त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदाच थेंबांकडे रुग्णाच्या बाजूनं पाहत होत्या.

डावं की उजवं?

सीटी स्कॅनमध्ये डाव्या ॲड्रिनलमध्ये पंधरा मिलिमीटरची गाठ दिसली. घरच्यांना वाटलं, झालं, आता काढून टाका. पण उजवी बाजूही किंचित जाड दिसत होती, आणि पस्तिशीनंतर ॲड्रिनलमध्ये काहीच न बनवणाऱ्या निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांत सापडतात. दिसणारी गाठ गुन्हेगार असेलच असं नाही. कधी गाठ डावीकडे दिसते आणि जादा अल्डोस्टेरॉन उजवीकडून येत असतं. कधी दोन्हीकडून येतं, आणि मग एक बाजू काढून फायदा होत नाही. वय पस्तिशीच्या आत, पोटॅशियम कमी, अल्डोस्टेरॉन बरंच वाढलेलं आणि गाठ एकाच बाजूला स्पष्ट दिसत असेल, तर पुढची पायरी गाळता येते. सिस्टर अडतीस वर्षांच्या होत्या.

मग एंडोक्रायनॉलॉजिस्टांकडे पाठवणी झाली. ॲड्रिनलमध्ये गाठ दिसली की ती आणखी काही बनवते का, हेही पाहावं लागतं. विशेषतः ॲड्रिनलिनच्या जातीची संप्रेरकं बनवणारी गाठ आधी न ओळखता कापायला घेतली, तर टेबलावरच बीपी भडकू शकतं. कॉर्टिसोलसाठी रात्री अकराला एक गोळी घेऊन सकाळी आठला रक्त द्यायचं असतं. हीसुद्धा रात्री झोपणाऱ्या माणसासाठी बेतलेली परीक्षा, म्हणून तीही सुट्टीच्या आठवड्यातच केली. दोन्हींत काही निघालं नाही.

खरी कसोटी होती दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून थेट रक्त घेण्याची. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि एकेका ॲड्रिनलमधून बाहेर पडणारं रक्त वेगळं गोळा करतात. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेत उतरते, ती त्या मानानं सोपी. उजवी अगदी आखूड असते आणि थेट पोटातल्या महाशिरेत उघडते. ती हुकली, तर नळीत येतं ते भलत्याच जागचं रक्त. हे काम सवयीच्या हाताचं आहे आणि मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होतं.

नळी बरोबर जागी होती हे कसं ठरवायचं? त्यासाठी त्याच रक्तात कॉर्टिसोलही मोजतात. दोन्ही ॲड्रिनल ते बनवतात, त्यामुळे ॲड्रिनलच्या शिरेत ते इतर रक्ताच्या कितीतरी पट भरलं पाहिजे. सिस्टरचं डावीकडे सोळा पट आणि उजवीकडे वीस पट भरलं, म्हणजे दोन्ही शिरा नेमक्या लागल्या होत्या. मग प्रत्येक बाजूच्या अल्डोस्टेरॉनला तिथल्याच कॉर्टिसोलनं भागलं, म्हणजे नमुन्यात इतर रक्त कमीजास्त मिसळलं असलं तरी तुलना बिघडत नाही. डावीकडे १२. उजवीकडे ०.९. इतर रक्तात १.६. डावी बाजू उजवीच्या तेरा पट! चारपटीच्या पुढे गेलं की दोष एका बाजूचा मानतात. आणि उजवी तर इतर रक्ताहूनही खाली होती, म्हणजे शेजारणीच्या उधळपट्टीमुळे ती गप्प बसली होती.

दोष दोन्हीकडे निघाला असता तर शस्त्रक्रिया झाली नसती. अशा रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोनसारखं, अल्डोस्टेरॉनला त्याच्या कामाच्या जागी अडवणारं औषध कायम घ्यावं लागतं. साठहून अधिक वर्षं जुनी, स्वस्त गोळी आहे ती. पुरुषांत छाती दुखणं-वाढणं आणि बायकांत पाळी अनियमित होणं हे तिचे त्रास, पण आजारावर ती चोख चालते.

चण्याएवढी गाठ

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. काढलेली ग्रंथी उभी कापली तेव्हा आत भिजवलेल्या काबुली चण्याएवढी, हळदीच्या गाठीसारखी पिवळीधमक गाठ होती. ती कर्करोगाची नव्हती. अल्डोस्टेरॉनच्या या गाठी क्वचितच तशा असतात.

त्याच दिवशी पोटॅशियमचं औषध थांबवलं आणि टेल्मिसार्टनही. आता धोका उलट्या दिशेचा होता. उजवी ॲड्रिनल वर्षानुवर्षं झोपलेली. तिला जागं व्हायला काही आठवडे लागतात. तोवर शरीरात अल्डोस्टेरॉन कमी पडतं आणि पोटॅशियम वर जाऊ शकतं. ते फार चढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासलं आणि बीपीच्या रुग्णाला एरवी कुणी देणार नाही असा सल्ला दिला: सध्या जेवणात मीठ हात आखडून घालू नका.

गोळे पहिल्याच आठवड्यात थांबले. रात्री लघवीला एकदाच उठणं आलं. रक्तदाबाची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती. सहा महिन्यांनी तो १३२/८४ होता, ॲम्लोडिपिनच्या पाच मिलिग्रॅमच्या एका गोळीवर. सिस्टर थोड्या हिरमुसल्या. पण हाच नेहमीचा अनुभव आहे. अनेक देशांतल्या रुग्णांचा एकत्र अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूची ग्रंथी काढल्यावर संप्रेरकांचा बिघाड ९४ टक्के लोकांत पूर्ण दुरुस्त झाला होता. गोळ्यांशिवाय बीपी नॉर्मल राहिलं ते ३७ टक्क्यांत, आणि आणखी ४७ टक्क्यांना अंशतः फायदा झाला. वर्षानुवर्षं चढ्या दाबाखाली राहिलेल्या रक्तवाहिन्या कडक होतात. गाठ काढली तरी त्या लगेच मऊ होत नाहीत. निदान जितकं लवकर, तितकी गोळी सुटण्याची शक्यता जास्त.

नुकसान नुसत्या दाबाचंही नसतं. तेवढंच बीपी असलेल्या इतर रुग्णांपेक्षा या रुग्णांत पक्षाघात आणि हृदयाचा ठोका अनियमित होणं जास्त दिसतं, कारण जादा अल्डोस्टेरॉन हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना थेटही इजा करतं. म्हणून 'बीपीच आहे, गोळ्या वाढवू' एवढ्यावर हा विषय मिटत नाही. आणि गोळे येतात म्हणून स्वतःच्या मनानं पोटॅशियमचं औषध घेणं तर धोक्याचंच. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर ते भलतीकडेच चढू शकतं.

तीन महिन्यांनी सिस्टर पुन्हा नाइटला आल्या होत्या. एका रात्री हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या एका काकांचं रक्त घ्यायचं होतं. फाइलवर बीपीच्या तीन गोळ्या लिहिलेल्या आणि ॲडमिशनच्या वेळचं बीपी १६०/१००. रक्ताच्या तपासण्यांच्या फॉर्मवर पोटॅशियमची खूण होती. सिस्टरनी पट्टा बांधला. काकांनी सवयीनं मूठ आवळली आणि उघडझाप सुरू केली.

सिस्टरनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "नको काका, मूठ सैल सोडा," त्या म्हणाल्या. "शीर मी शोधते."